पहिली तारीख, हप्ता आणि चुकारे

महिनाअखेरच्या ओढाताणीवर हसायचे असेल तर त्याआधी महिना असावा लागतो. पंचांगातला महिना त्यासाठी चालत नाही, पगाराचा लागतो. वरवर साधी वाटणारी ही अट ध्यानात घेतली, की मराठी विनोदातला नायक इतक्या वेळा कारकूनच का असतो, हे कळू लागते. चिं. वि. जोशींचा चिमणराव पुण्यातला कारकून, पु. लं.च्या 'असा मी असामी'तला धोंडो भिकाजी जोशी मुंबईतल्या कंपनीतला कारकून. दोघांचीही मिळकत ठरलेल्या दिवशी येते आणि ठरलेल्या दिवसाआधी संपते. ज्याच्या मिळकतीला तारीखच नाही, त्याच्या तंगीचा विनोद वेगळा असतो किंवा नसतोच. हा फरक शेजारी-शेजारी ठेवून पाहायला आमच्या गोंदियाइतकी सोयीची जागा नाही, कारण इथे पैशाची तीन कॅलेंडरे एकाच बाजारात भेटतात.

पहिले कॅलेंडर रेल्वेचे. 1887 साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने नागपूरहून पूर्वेकडे जाणारा मार्ग हाती घेतला. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोंदियाहून जबलपूरकडे अरुंद मापाचा फाटा निघाला आणि गोंदिया जंक्शन झाले. त्याबरोबर खलाशी, गार्ड, फायरमन, तिकीटबाबू अशी महिन्यावर जगणारी वस्ती आली. 1936च्या वेतन प्रदान कायद्याने कारखाने आणि रेल्वे यांच्यासाठी पगाराची मुदत एका महिन्याहून मोठी नसावी असे ठरवले. हजाराहून कमी कामगार असतील तिथे मुदत संपल्यावर सातव्या दिवसाच्या आत आणि इतरत्र दहाव्या दिवसाच्या आत पगार द्यायचा, असेही त्यात होते. म्हणजे कित्येकांची 'महिनाअखेर' प्रत्यक्षात पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पडे. कॅलेंडरचे पान उलटले तरी डबा रिकामाच, हा विनोद त्या कायद्यातच दडलेला होता.

सत्तरच्या दशकात आमच्या मोहल्ल्यातल्या किराणा दुकानात या विनोदाचे रोजचे प्रयोग होत. पंचवीस तारखेनंतर वडीलमाणसे दुकानासमोरून जायचे टाळत आणि सामानाला पोरांना पाठवत. पोराकडे दुकानदार बाकी मागत नाही, हा अलिखित नियम दोन्ही बाजूंना माहीत असे. मापेही बदलत. किलोची साखर पावावर येई, चहापत्तीचा डबा जाऊन सुटी पुडी येई, तेल बाटलीच्या तळापुरते. दुकानदाराने हिंदीत पाटी लावलेली, 'आज नगद, कल उधार', आणि तिच्याच खाली बसून तो लाल वहीत उधारी लिहून घेई. ती पाटी कुणाला अडवण्यासाठी नव्हती. ती रोज वाचून रोज हसण्यासाठी होती. रांगेतला कुणी म्हणे, "सेठ, ती 'कल' आली का?" आणि सगळी रांग हसे.

त्या हसण्यामागे एक नेमकी रचना होती. रांगेतल्या प्रत्येकाचा खिसा एकाच आठवड्यात रिकामा झालेला असे, म्हणून बोलणाऱ्याची कबुली ही सगळ्यांची कबुली ठरे आणि लाज वाटून घेतली जाई. शिवाय या संकटाचा शेवट सगळ्यांना माहीत होता. पगार होणार हे नक्की, प्रश्न फक्त चार-सहा दिवस काढण्याचा. 1954च्या 'पहली तारीख' या हिंदी चित्रपटातले किशोरकुमारने गायलेले गाणे रेडिओ सिलोन दर महिन्याच्या एक तारखेला लावत असे. त्याचे संगीत आपल्या सुधीर फडक्यांचे. एकाच सकाळी हजारो घरांत तेच गाणे वाजणे, हा सामायिक सुटकेचा याहून ठळक पुरावा सापडणार नाही.

या विनोदाला मर्यादाही होती आणि ती ओळखण्याची खूण सोपी आहे. तो वस्तूंची नावे घेतो, रकमेचे नाव घेत नाही. पेस्टची नळी चिरून आतली पेस्ट काढणे, बिनदुधाच्या चहाला 'डॉक्टरने सांगितला' म्हणणे, पाहुण्यांची चाहूल लागताच घराला कुलूप लावून मागच्या दाराने आत बसणे, हे सगळे हसून सांगता येई. पण कुणी सावकाराचा आकडा सांगितला, किंवा कुणाच्या घरची पितळी भांडी गहाण पडल्याचे कळले, की रांग गप्प होई. आकडा एकट्याचा असतो आणि त्याला पहिली तारीख नसते.

दुसरे कॅलेंडर विडीचे. गोंदिया-भंडाऱ्यात विडीकाम बहुतांश घरी चालते आणि त्यात बायकांचे हात अधिक. सट्टेदार तेंदूपत्ता आणि तंबाखू मोजून देतो, मजुरी हजार विड्यांमागे ठरते, हिशेब आठवड्याला होतो. समजा, एका बाईला सहा हजार विड्यांचा माल मिळाला. पाने फाटकी, जाळीदार निघाली तर त्यातून साडेपाच हजारच वळल्या जातात. उरलेल्या पाचशेंसाठी ती बाजारातून पदरचे पैसे घालून पत्ता आणते. त्यातून सट्टेदार काही विड्या छाट म्हणून बाजूला काढतो. आठवडा संपतो तेव्हा मजुरी किती हातात पडेल हे तिला आधी सांगता येत नाही. इथेही विनोद आहे, पण तो तंगीवर नसतो. तो सट्टेदाराच्या बोटांवर असतो, चांगली विडीही ज्यांना वाकडी दिसते त्या नजरेवर असतो. विड्या वळता वळता बायका सट्टेदाराची नक्कल करत तेव्हा मी पोट धरून हसलो आहे. इथे तारीख पक्की होती, पण रक्कम नव्हती. म्हणून हसू वाट पाहण्याकडून वळून माणसाकडे गेले.

तिसरे कॅलेंडर धानाचे, आणि तेच या भागाचे मूळ कॅलेंडर. भाद्रपद-आश्विनात जुने धान संपलेले आणि नवे उभे असते. घरातली खरी ओढाताण तेव्हाची, आणि त्या दिवसांत मी कुणाला तिच्यावर विनोद करताना ऐकलेले नाही. कीड आली, पाऊस लांबला तर या तंगीला शेवटच नाही, हे सगळे जाणून असतात. हसू येते ते हलके धान कापून झाल्यावर. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, दंडार उभी राहते, खडी गंमत होते आणि वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्यांचा हंगाम सुरू होतो. रात्रभर चालणाऱ्या या झाडीपट्टीच्या नाटकांत करुण कथा आणि विनोदी नट बरोबरीने लागतात. त्यातलेच एक, गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. मी पाहिलेल्या प्रयोगांत कर्जाचा, सावकाराचा, रिकाम्या कोठीचा विनोद भरपूर होता. दोन महिन्यांपूर्वी जो विषय तोंडून निघत नव्हता, त्यावरच मंडपातली माणसे लोटपोट होत होती. धान घरात आले होते, म्हणून मागे वळून पाहता येत होते.

तेव्हा मला दिसते ते असे. पगारदार शेवट ठाऊक असल्यामुळे संकटाच्या आत बसून हसतो. शेतकरी संकट ओलांडल्यावर हसतो. विडी कामगार बाई दोन्हींच्या मधे, हिशेब करणाऱ्यावर हसते. पैशाची चिंता सामायिक आहे एवढ्याने विनोद होत नाही, ती एकाच वेळी सामायिक असावी लागते आणि तिला पलीकडचा काठ दिसावा लागतो.

आता पहिले कॅलेंडरही विस्कटू लागले आहे. पगार खात्यात पडतो, किराणा मोबाइलवरून भागतो आणि कर्जाचे हप्ते कुणाचे तीन तारखेला, कुणाचे दहाला परस्पर कापले जातात. एकाची अखेर दुसऱ्याच्या अखेरीशी जुळत नाही आणि खिसा रिकामा झाल्याचा संदेश प्रत्येकाच्या फोनवर एकट्यालाच येतो. दुकानात रांग अजून असते, पण त्या पाटीवर सगळ्यांनी मिळून हसावे असा दिवस उरलेला नाही. तिकडे आधारभूत केंद्रावर धान विकलेला शेतकरी चुकारे कधी जमा होतील ते विचारत बँकेत खेटे घालतो. मंडई भरून जाते आणि पैसे आलेले नसतात. अशा वर्षी विनोदी नट मंचावर येतो तेव्हा मंडपातली निम्मी माणसे हसण्याआधी क्षणभर थांबतात. त्या थांबण्यातला हिशेब कुठल्याच वहीत लिहिलेला नसतो.