गांडूळ खत : रोजच्या शेणकचऱ्यावरून वाफ्यांचा आकार आणि संख्या कशी ठरवावी?

गांडूळ खताचा प्रकल्प उभारताना बहुतेक जण आधी जागा पाहतात, मग जागेत बसतील तेवढे वाफे बांधतात. काही महिन्यांनी मात्र अडचण येते. गोठ्यातून रोज शेण निघत असते आणि सगळे वाफे भरलेले असतात. मग ताजे शेण जुन्या वाफ्यावरच टाकले जाते, वाफा तापतो आणि गांडुळे मरतात किंवा पळून जातात. हे टाळायचे असेल तर वाफ्यांचा हिशेब जागेवरून न करता रोजच्या कचऱ्यावरून करावा. त्यासाठी तीन गोष्टी कळायला हव्यात : रोज किती माल निघतो, वाफ्यात तो किती उंचीपर्यंत भरता येतो आणि एकदा भरलेला वाफा किती दिवस अडकून राहतो.

१. रोजचा माल वजन करून काढा

जनावरांच्या संख्येवरून शेणाचा अंदाज बांधू नका. जनावराचे वजन, चारा आणि चरायला सोडण्याची पद्धत यांनुसार शेणात मोठा फरक पडतो. सलग सात दिवस शेणाची घमेली ताणकाट्यावर मोजा आणि सरासरी काढा. गोबरगॅस, गोवऱ्या किंवा जीवामृतासाठी जाणारे शेण त्यातून वजा करा. गव्हाणीतील उष्टी वैरण, निंदणीचे तण, पालापाचोळा यांचेही असेच वजन करा. सोयाबीन किंवा तुरीच्या मळणीनंतर एकदम भरपूर भुसकट निघते. त्यावरून वाफ्यांची संख्या ठरवू नका. ते कोरडे साठवून ठेवा आणि वर्षभर थोडे थोडे वापरा.

समजा, तुमच्याकडे दोन बैल, एक गाय आणि एक म्हैस आहे. वापरून उरणारे शेण रोज ४० किलो आणि काडीकचरा २० किलो भरतो. म्हणजे रोजचा ताजा माल ६० किलो झाला. शेण दोन भाग आणि कचरा एक भाग हे प्रमाणही चांगले आहे.

२. ताजा माल आणि वाफ्यात जाणारा माल एक नव्हे

ताजे शेण थेट वाफ्यात टाकायचे नसते. ते कुजताना तापते, म्हणून ही उष्णता वाफ्याबाहेर निघून गेली पाहिजे. १५ दिवसांचा माल एका ढिगात साठवा, पाणी शिंपडून ओलसर ठेवा आणि पुढे आणखी १५ दिवस तो ढीग तसाच कुजू द्या. मधे एकदा वरखाली करा. तोपर्यंत नवा माल दुसऱ्या ढिगात साठत राहतो. त्यामुळे वाफ्यांशिवाय दोन ढिगांची जागा लागते. आपल्या उदाहरणात एका ढिगात १५ × ६० = ९०० किलो माल येईल. त्याला साधारण ६ फूट लांब, ४ फूट रुंद आणि ३ फूट उंच जागा पुरते.

अर्धवट कुजल्यावर वजन घटते. ही घट कचरा आणि ओलावा यांनुसार बदलते, म्हणून पहिल्या ढिगाचे वजन करूनच ती ठरवा. येथे चौथा हिस्सा घट धरू. ९०० किलोचे ६७५ किलो राहतील, म्हणजे रोजचे ४५ किलो.

आता या मालाला जागा किती लागते ते पाहा. लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी एक फूट असलेला खोका घ्या. आत प्लॅस्टिकची गोणी अंथरा, माल न दाबता भरा आणि वजन करा. आपल्या मालाचे वजन १५ किलो भरले असे धरू. म्हणजे एका घनफुटात १५ किलो माल बसतो आणि रोजच्या ४५ किलोला ३ घनफूट जागा लागते. काडीकचरा जास्त असेल तर हा आकडा कमी येईल, शेण जास्त असेल तर वाढेल.

३. उंची दीड फुटापेक्षा वाढवू नका

जागा आणि विटा वाचवायला खोली वाढवण्याचा मोह होतो. पण खत करण्यासाठी वापरली जाणारी आयसेनिया फेटिडा ही गांडुळे पृष्ठभागाजवळ राहून खाणारी आहेत. हवा खेळती असलेल्या वरच्या थरातच ती काम करतात. माल तीन फूट भरला तर खालचा भाग वजनाने दबतो, तिथे हवा पोहोचत नाही आणि मधला भाग पुन्हा तापतो. ढीग तीन फूट चालतो, कारण तो तापावा हाच आपला हेतू असतो. वाफ्यात नेमके उलटे हवे असते.

वाफ्याची बांधणी २ फूट उंच ठेवा. तळाशी ३ इंच उसाचे पाचट, नारळाच्या शेंड्या किंवा भाताचे तूस, त्यावर १८ इंच अर्धवट कुजलेला माल, आणि गोणपाट झाकायला व पाणी मारायला वरती ३ इंच मोकळी जागा. हिशेबात फक्त मधले १८ इंच, म्हणजे दीड फूट धरायचे.

रुंदी हाताच्या पोचेवर ठरते. दोन्ही बाजूंनी काम करता येत असेल तर ३ फूट, जास्तीत जास्त ४ फूट ठेवा. एक बाजू भिंतीला लागून असेल तर अडीच फुटांपेक्षा जास्त नको. लांबी मात्र एका ढिगाचा माल एका वाफ्यात मावेल अशी ठेवा. आपल्या ढिगात ६७५ किलो माल आहे. ६७५ ÷ १५ = ४५ घनफूट. वाफा ३ फूट रुंद आणि माल दीड फूट उंच असेल तर लांबी १० फूट येते. म्हणजे १० × ३ फुटांचा वाफा दर १५ दिवसांनी एकदाच पूर्ण भरतो.

४. वाफा किती दिवस अडकतो?

सगळ्यात जास्त चूक इथे होते. खत ६० दिवसांत तयार होते म्हणून वाफाही ६० दिवसांत मोकळा होतो असे धरले जाते. प्रत्यक्षात त्यानंतर ५ दिवस पाणी बंद ठेवावे लागते. मग खताचे छोटे ढीग करून गांडुळे तळाशी जाऊ द्यायची, वरचे खत काढून घ्यायचे आणि तळाचा थर पुन्हा अंथरायचा. यात आणखी ५ दिवस जातात. म्हणजे वाफा ७० दिवस अडकतो.

आता सूत्र सोपे आहे :

वाफ्यांची संख्या = वाफा अडकून राहण्याचे दिवस ÷ एक वाफा भरण्याइतका माल जमायला लागणारे दिवस

७० ÷ १५ = ४.६७. अपूर्णांक नेहमी वर न्यायचा, म्हणजे ५ वाफे.

पडताळा हवा असेल तर क्षेत्रावरून काढा. रोजचे ३ घनफूट × ७० दिवस = २१० घनफूट. त्याला दीड फूट उंचीने भागले की १४० चौरस फूट. एक वाफा ३० चौरस फुटांचा, म्हणून पुन्हा ४.६७ वाफेच येतात.

पण हे ७० दिवस चांगल्या हवामानाचे आहेत. कडाक्याच्या थंडीत गांडुळांची भूक मंदावते आणि उन्हाळ्यात वाफ्याचे तापमान ३५ अंशांकडे जाऊ लागले तरी काम थंडावते. अशा काळात खत तयार होऊन वाफा मोकळा व्हायला ९० दिवसही लागू शकतात. ९० ÷ १५ = ६. म्हणून आपल्या शेतकऱ्याने ६ वाफे धरावेत. जिथे वर्षात सगळ्यात जास्त दिवस लागतात, तोच आकडा सूत्रात घालावा.

तयार बेड घेतले तर?

बाजारात १२ × ४ × २ फुटांचे प्लॅस्टिक कापडाचे बेड मिळतात. त्यात दीड फूट उंचीपर्यंत १२ × ४ × १.५ = ७२ घनफूट, म्हणजे १,०८० किलो माल बसेल. रोज ४५ किलो धरल्यास एवढा माल जमायला २४ दिवस लागतील. ९० ÷ २४ = ३.७५, म्हणजे ४ बेड पुरे. मात्र ढीगही २४ दिवसांच्या मालाचा करावा लागेल, त्यासाठी ढिगाची जागा वाढवा.

पहिल्या वर्षी सगळे वाफे एकदम बांधू नका

सुरुवातीला दोन वाफे भरा. १०० किलो अर्धवट कुजलेल्या मालाला साधारण १ किलो गांडुळे सोडतात, म्हणजे एका वाफ्याला सुमारे ७ किलो. त्याहून कमी सोडली तर खत होईल, पण दिवस जास्त लागतील. या दोन वाफ्यांतून वाढलेली गांडुळे पुढच्या वाफ्यांना वापरा. तोपर्यंत उरलेल्या शेणाचे नेहमीसारखे शेणखत करा. प्रत्येक वाफ्यावर भरल्याची आणि रिकामा केल्याची तारीख पाटीवर लिहा. दोन फेऱ्यांनंतर ७० किंवा ९० या आकड्यांऐवजी तुमच्या शेतावरचा खरा आकडा हाती येईल. उरलेले वाफे त्यावरून बांधा.

हिशेब चुकला हे कसे ओळखाल?

• नवा ढीग तयार आहे, पण एकही वाफा मोकळा नाही : वाफे कमी पडले आहेत. भरल्यावर महिनाभरात माल खाली बसून वाफ्यात जागा दिसते. तिथे नवा माल टाकू नका. टाकल्यास खालचे खत तयार आणि वरचे कच्चे राहते, आणि वाफा कधीच पूर्ण होत नाही.

• गांडुळे कडेला किंवा गोणपाटाला चिकटून वर आली आहेत : हात घालून पाहा. आत गरम लागले तर माल कच्चा होता किंवा उंची जास्त झाली. माल उकरून थंड होऊ द्या.

• वर भुसभुशीत, चहापावडरीसारखे दाणे, पण खाली काळा, चिकट, वास येणारा थर : उंची किंवा पाणी जास्त झाले. पुढच्या वेळी तीन-चार इंच कमी भरा आणि त्यानुसार वाफ्यांची संख्या पुन्हा काढा.

• वाफे पंधरा दिवसांहून जास्त काळ रिकामे राहतात : वाफे जास्त झाले आहेत. एखादा वाफा बंद ठेवला तरी चालेल, पण त्यातील गांडुळे आधी दुसऱ्या भरलेल्या वाफ्यात हलवा.

जनावर विकले किंवा नवे घेतले, तर सात दिवस पुन्हा वजन करा. रोजचा माल बदलला की भरण्याचे दिवस बदलतात आणि त्याबरोबर वाफ्यांची संख्याही. उंची मात्र दीड फुटावरच ठेवा.