रिस्टोअर ड्रिल

क्लाउडमध्ये ठेवलेला बॅकअप ठरावीक काळाने खरोखर परत आणायचा, वेगळ्या सर्व्हरवर उभा करायचा आणि त्यातला डेटा तपासायचा, या तालमीला रिस्टोअर ड्रिल म्हणतात. बॅकअपच्या जॉबपुढे हिरवी खूण दिसली की जॉब चालून संपला एवढेच समजते. फाइल उघडते का, पूर्ण आहे का आणि तिच्यावरून काम पुन्हा सुरू व्हायला किती तास लागतील, हे त्या खुणेवरून कळत नाही. ड्रिल होईपर्यंत बॅकअपच्या भरवशावर बसणे म्हणजे आशेवर बसणे, आणि याचे तपशीलवार उदाहरण गिटलॅब या कंपनीने स्वतःच जाहीर केले आहे.

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब डॉट कॉमचा एक अभियंता दुय्यम डेटाबेस सर्व्हरवरचे डेटा फोल्डर काढून टाकतोय, असे समजत होता. प्रत्यक्षात तो मुख्य सर्व्हरवर होता. चूक लक्षात येऊन त्याने कमांड थांबवली, तोवर सुमारे ३०० जीबी डेटा गेला होता. माणसाच्या हातून असे होतेच. शिकण्यासारखे पुढेच आहे. डेटाबेसची रोजची प्रत ॲमेझॉनच्या एस३ साठ्यात जाते, अशी सगळ्यांची समजूत होती. उघडून पाहिले तर बकेट रिकामी. डेटाबेस पोस्टग्रेएसक्यूएल ९.६ आवृत्तीचा होता आणि बॅकअपचा जॉब मात्र `pg_dump` ची ९.२ आवृत्ती चालवत होता. डेटाबेस आपल्यापेक्षा नव्या आवृत्तीचा असला की ही कमांड चूक दाखवून थांबते, आणि तसेच होत होते. चूक झाल्याची सूचना देणारे ईमेल निघतही होते. पण त्यांवर डीमार्कला लागणारी सही नसल्याने ते नाकारले जात होते, म्हणून कोणाला पत्ता नव्हता. अझुरमधील डिस्क-स्नॅपशॉटची सोय डेटाबेस सर्व्हरसाठी चालूच केलेली नव्हती.

हाती राहिली ती एक योगायोगाची प्रत. घटनेच्या सुमारे सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी कोणीतरी हाताने स्नॅपशॉट घेऊन तो चाचणीच्या सर्व्हरवर नेला होता. त्यावरून साइट परत उभी राहिली, पण त्या सर्व्हरच्या डिस्क संथ असल्याने नुसती नक्कल करायलाच सुमारे १८ तास लागले. सहा तासांतली नोंद कायमची गेली: अंदाजे ५,००० प्रकल्प, तेवढ्याच टिप्पण्या आणि ७०० नवी खाती. गिट रिपॉझिटरी वेगळ्या ठिकाणी असल्याने त्या वाचल्या. तीन महिन्यांतून एकदा जरी कोणी एस३ मधली फाइल उतरवून पाहिली असती, तरी रिकामी बकेट पहिल्या पाच मिनिटांत दिसली असती.

ड्रिलमध्ये दोन आकडे हाती लागले पाहिजेत. परत आलेला डेटा किती जुना आहे, हा पहिला. त्यावरून किती तासांचे काम बुडेल ते कळते. ‘सुरू करा’ म्हटल्यापासून वापरणाऱ्याला खरी नोंद दिसेपर्यंत किती वेळ गेला, हा दुसरा. एखाद्या छोट्या दुकानाचा ऑर्डरचा डेटाबेस पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये आहे आणि त्याचा डंप एस३ मध्ये जातो, असे धरू. घड्याळ लावून रिकाम्या सर्व्हरवर एवढेच करायचे:

```
aws s3 ls s3://dukan-backup/
aws s3 cp s3://dukan-backup/orders.dump .
createdb drill
pg_restore --exit-on-error -d drill orders.dump
psql -d drill -c "SELECT count(*), max(created_at) FROM orders;"
```

पहिल्या ओळीत फाइलची तारीख आणि आकार दिसतो. परवापर्यंत ४० जीबी असलेली फाइल आज काही केबींची असेल, तर पुढे जायची गरजच नाही. `--exit-on-error` मुद्दाम दिला आहे, कारण तो नसेल तर `pg_restore` चुका मोजत पुढे जातो आणि अर्धवट डेटाबेस उभा राहूनही काम झाल्यासारखे वाटते. पहिल्याच ड्रिलमध्ये बहुधा इथे गाडी अडते: टेबलांचा मालक असलेला युजर नव्या सर्व्हरवर नसतो. एका डेटाबेसच्या `pg_dump` मध्ये युजर आणि त्यांचे पासवर्ड येत नाहीत. ते `pg_dumpall --globals-only` ने वेगळे घ्यावे लागतात. शेवटच्या ओळीतली संख्या आणि तारीख चालू डेटाबेसशी ताडून पाहायची. त्यापुढे कालच्या दोन-तीन ऑर्डरी क्रमांकाने शोधून, रक्कम आणि ग्राहक जुळतो का हे धंदा ओळखणाऱ्या माणसाने डोळ्यांनी पाहावे. ओळी मोजून झाल्या म्हणजे डेटा बरोबर आहे, असे होत नाही.

वेळेचा अंदाजही कागदावर चुकतो. २०० जीबीची फाइल १०० एमबीपीएसच्या लाइनवरून उतरायलाच साडेचार तासांच्या आसपास लागतात, इंडेक्स पुन्हा बांधण्याचा वेळ वेगळा. स्वस्त म्हणून ग्लेशिअर डीप आर्काइव्हमध्ये ठेवलेली फाइल मागितल्यावर मिळायलाच १२ तासांपर्यंत आणि सर्वांत स्वस्त पर्यायात ४८ तासांपर्यंत वाट पाहावी लागते. आरडीएसच्या स्नॅपशॉटवरून उभा केलेला डेटाबेस लवकर ‘उपलब्ध’ झाला असे दाखवतो, पण डेटा मागून हळूहळू येत असतो आणि पहिल्या क्वेऱ्या रखडतात. शिवाय सर्व्हर नवा, पत्ता नवा. ॲप जुन्याच पत्त्यावर दार वाजवत बसते.

तिमाही आराखडा साधा ठेवलेला बरा. अवघड असला की दुसऱ्याच तिमाहीत टळतो. एप्रिल–जूनमध्ये वरच्यासारखा पूर्ण डेटाबेस परत आणायचा आणि दोन्ही आकडे लिहून ठेवायचे. जुलै–सप्टेंबरमध्ये छोटे पण नेहमी लागणारे काम: महिन्यापूर्वी कोणीतरी पुसलेली एकच फाइल किंवा एकच टेबल परत मिळते का? किती दिवसांच्या प्रती राखल्या जातात, हे तेव्हा कळते.

ऑक्टोबर–डिसेंबरची ड्रिल सर्वांत महत्त्वाची. मुख्य क्लाउड खाते हातचे गेले, असे समजायचे. बॅकअप बसवणाऱ्या माणसाने या दिवशी हात बांधून बसायचे. दुसऱ्या कोणीतरी, लिहून ठेवलेल्या पायऱ्या वाचून, दुसऱ्या खात्यातल्या प्रतीवरून काम करायचे. एन्क्रिप्शनची किल्ली त्याच गेलेल्या खात्यात आहे, किंवा लॉगिनचा ओटीपी सुट्टीवर गेलेल्या माणसाच्या फोनवर येतो, हे असल्या दिवशीच उघड होते. किल्लीविना प्रत शाबूत असूनही निरुपयोगी असते. जानेवारी–मार्चमध्ये डेटाबेस, फाइली आणि ॲप असे सगळे मिळून उभे करायचे, आणि कोणीतरी लॉगिन करून एक बिल काढून दाखवायचे.

या शेवटच्या ड्रिलमध्ये एक धोका आहे. उभे राहिलेले ॲप स्वतःला खरेच समजते: रांगेत अडकलेले एसएमएस आणि ईमेल खऱ्या ग्राहकांना पाठवू लागते, पेमेंटच्या सेवेला हाक मारते. म्हणून ड्रिलच्या सर्व्हरला बाहेर जाण्याची वाट आधी बंद करावी आणि मगच ॲप सुरू करावे. त्यावर ग्राहकांचा खरा डेटा असतो, तेव्हा लॉगिनही मोजक्यांनाच द्यावे आणि काम संपताच सर्व्हर, डिस्क व उतरवलेला डंप पुसून टाकावा. राहिलेल्या डिस्कचे बिल चालूच राहते, ते वेगळेच.

ड्रिलने त्या दिवशीची प्रत सिद्ध होते, पुढच्या आठवड्याची नव्हे. मधल्या काळासाठी सर्वांत नवी फाइल २६ तासांहून जुनी झाली किंवा कालच्यापेक्षा बरीच लहान निघाली, तर इशारा देणारा वेगळा जॉब ठेवतात. तो बॅकअपच्या सर्व्हरवर न ठेवता दुसरीकडे चालवावा, आणि त्याचा इशारा माणसापर्यंत पोचतो का, हे प्रत्येक तिमाहीत एकदा मुद्दाम खोटा इशारा देऊन पाहावे.