मोबाइल बॅटरीच्या उर्वरित वेळेचा अंदाज

मोबाइल बॅटरीच्या उर्वरित वेळेचा अंदाज म्हणजे बॅटरीची टक्केवारी दर तासाला किती उतरते हे पाहून दूरध्वनी संच आणखी किती वेळ चालेल हे काढण्याची रीत होय. सध्याच्या टक्केवारीला ताशी घटीने भागले की उरलेले तास मिळतात. हे गणित सोपे असले तरी बॅटरी एका गतीने उतरत नाही. त्यामुळे घट कोणत्या काळातील धरली, यावर उत्तराचा खरेपणा अवलंबून असतो.

## मूळ सूत्र

उरलेले तास = सध्याची टक्केवारी ÷ ताशी घट

ताशी घट काढण्यासाठी दोन वेळांची टक्केवारी टिपून त्यांतील फरकाला मधल्या तासांनी भागतात. सकाळी ८ वाजता ८० टक्के आणि १० वाजता ७६ टक्के असल्यास दोन तासांत ४ टक्के, म्हणजे ताशी २ टक्के घट झाली.

## नोंदीचा कालावधी

पडद्यावर टक्केवारी पूर्णांकात दिसते. अपूर्णांक दाखवला जात नाही. त्यामुळे थोड्या वेळातील नोंद फसवी ठरते. वीस मिनिटांत ६२ चे ६० टक्के झालेले दिसले, तरी प्रत्यक्ष घट १ टक्क्याहून थोडी अधिक किंवा ३ टक्क्यांहून थोडी कमी असू शकते. म्हणजे ताशी घट ३ ते ९ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असेल आणि उरलेल्या ६० टक्क्यांचे उत्तर पावणेसात तासांपासून वीस तासांपर्यंत काहीही येईल. हीच नोंद दोन तास घेतली व १२ टक्के घट दिसली, तर चूक तेवढीच, म्हणजे एका टक्क्याची राहते. मात्र ताशी घट साडेपाच ते साडेसहा टक्क्यांच्या आत सापडते. म्हणून नोंदीत निदान ८ ते १० टक्के घट होऊ द्यावी, हे बरे.

## उदाहरण

समजा, धाराशिव जिल्ह्यातील ढोकी येथील एका शेतकऱ्याच्या विहिरीवरील पंपाला मोबाइल स्टार्टर जोडलेला आहे. मोटार फोन करून सुरू व बंद होते. रात्री १० वाजता मोटार बंद करायची असल्याने तोपर्यंत फोन चालू राहणे आवश्यक आहे; दिवसभरात चार्जिंगची सोय नाही. दुपारपर्यंतच्या नोंदी अशा आहेत:

| वेळ | टक्केवारी | मधल्या काळातील वापर | ताशी घट |
|---|---|---|---|
| सकाळी ८ | ८० | – | – |
| सकाळी १० | ७६ | फोन खिशात, मोजकेच कॉल | २ |
| दुपारी १२ | ६४ | शिवारात, कमजोर सिग्नल, इंटरनेट सुरू | ६ |
| दुपारी १ | ५२ | उन्हात पडदा उजळ ठेवून व्हिडिओ | १२ |

या एकाच नोंदवहीतून तीन उत्तरे निघतात. शेवटच्या तासाची घट धरली तर ५२ ÷ १२ म्हणजे ४ तास २० मिनिटे. फोन सायंकाळी ५ वाजून २० मिनिटांनी बंद पडेल. सकाळच्या दोन तासांची घट धरली तर तो २६ तास चालेल. पाच तासांत २८ टक्के, म्हणजे ताशी ५.६ टक्के ही सरासरी धरली तर सुमारे सव्वानऊ तास मिळतात आणि वेळ रात्री सव्वादहापर्यंत जाते. तिन्ही भागाकार बरोबर आहेत. पण प्रत्येकाने पुढचा काळ मागच्या काळासारखाच जाईल असे गृहीत धरले आहे.

अधिक विश्वासार्ह रीत म्हणजे पुढील तासांची कामानुसार वाटणी करणे. दुपारी १ ते रात्री १० या नऊ तासांपैकी सहा तास फोन खिशात राहणार असेल तर १२ टक्के, दोन तास शिवारात १२ टक्के आणि एक तास व्हिडिओसाठी १२ टक्के, असे एकूण ३६ टक्के लागतील. ५२ मधून ३६ वजा जाता १६ टक्के उरतील. व्हिडिओ आणखी एक तास पाहिला व खिशातला एक तास कमी झाला, तर शिल्लक ६ टक्क्यांवर येईल. शेवटच्या काही टक्क्यांचा भरवसा नसल्याने साधारण १५ टक्के राखीव धरावेत. त्या हिशेबाने पहिल्या बेतात काम निभते, दुसऱ्यात निभत नाही.

## घट असमान असण्याची कारणे

### वापरातील बदल

पडदा बंद असताना संचाला अल्प वीज लागते. पडदा उजळला, कॅमेरा उघडला वा प्रक्रियकावर ताण आला की ती कित्येक पटींनी वाढते. कमजोर सिग्नलचा परिणाम मात्र सहसा लक्षात येत नाही. मनोरा दूर असला की संच आपली प्रक्षेपण शक्ती वाढवतो. चौथ्या पिढीच्या (४जी) जाळ्यात ती सर्वसाधारण संचात सुमारे २०० मिलीवॅटपर्यंत जाते आणि तेवढी लहर बाहेर पाडण्यासाठी बॅटरीतून त्याहून बरीच अधिक वीज खर्च होते. म्हणून गावात ताशी २ टक्के उतरणारा फोन शिवारात काहीही न करता अधिक वेगाने उतरू शकतो.

### टक्केवारी ठरवण्याची पद्धत

बॅटरीतील शिल्लक थेट मोजता येत नाही. संचातील मापक चिप आत-बाहेर जाणाऱ्या विद्युतप्रवाहाची बेरीज-वजाबाकी ठेवते आणि विद्युतदाबावरून ती अधूनमधून दुरुस्त करते. लिथियम-आयन बॅटरीचा दाब पूर्ण भरल्यावर साधारण ४.२ व्होल्ट किंवा थोडा अधिक असतो. मधल्या मोठ्या टप्प्यात तो फार हळू उतरतो आणि शेवटी झपाट्याने कोसळतो. मधल्या सपाट टप्प्यात दाबावरून शिल्लक नेमकी कळत नाही. तेथे साचलेली चूक शेवटच्या उतारावर उघड होते आणि आकडा अचानक काही टक्क्यांनी घसरतो.

### उतरत्या दाबाचा परिणाम

तेच काम करण्यासाठी संचाला तेवढीच शक्ती लागते. ४.२ व्होल्टला जितका प्रवाह पुरतो, त्याच्या १.२ पट प्रवाह ३.५ व्होल्टला लागतो. त्यामुळे तोच वापर असला तरी शेवटचे टक्के सुरुवातीच्या टक्क्यांपेक्षा काहीसे लवकर संपतात.

### बॅटरीचे वय

पडद्यावरील टक्केवारी बॅटरीच्या आजच्या क्षमतेची असते, मूळ क्षमतेची नव्हे. ५००० मिलिअँपिअर-तासांच्या नव्या बॅटरीचा एक टक्का ५० मिलिअँपिअर-तासांचा असतो. तिची क्षमता ४००० वर आली की एक टक्का ४० चा होतो आणि त्याच वापरात ताशी घट सव्वापट दिसते. शिवाय जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. कॅमेरा वा कॉलसाठी एकाएकी मोठा प्रवाह ओढला गेला की दाब क्षणभर किमान मर्यादेखाली जातो आणि शिल्लक दिसत असतानाही संच बंद पडतो. थंडीतही रोध वाढतो. मात्र ऊब मिळाल्यावर तो परिणाम ओसरतो.

याचे गाजलेले उदाहरण अ‍ॅपल कंपनीच्या आयफोन ६ मालिकेतील संचांचे आहे. बॅटरीत शिल्लक दिसत असताना ते बंद पडू लागल्यावर कंपनीने २०१७ च्या आरंभी प्रणालीत बदल करून प्रक्रियकाचा कमाल वेग आवरता घेतला. डिसेंबर २०१७ मध्ये तिने हे मान्य केले आणि सवलतीत बॅटरी बदलून देण्याची योजना जाहीर केली.

## अंदाजाच्या मर्यादा

ताशी घटीची रीत मधल्या टप्प्यात, म्हणजे साधारण ८० ते २० टक्क्यांच्या दरम्यान, आणि वापर सारखा असताना सर्वांत उपयोगी पडते. काही संचांत पूर्ण चार्जिंगनंतर १०० चा आकडा बराच वेळ टिकतो. म्हणून पहिली नोंद तेथून घेऊ नये. फोन १५–२० टक्क्यांवर वरचेवर अचानक बंद पडत असेल, तर दोष गणिताचा नसून बॅटरीचा असण्याची शक्यता अधिक. अशा वेळी फोन ज्या टक्क्याला बंद पडतो तो आकडा शून्य मानून त्याच्या वरच्या टक्क्यांचाच भागाकार करावा.

## हे सुद्धा पहा

* लिथियम-आयन बॅटरी
* विद्युतदाब
* भ्रमणध्वनी