वंशवृक्षातील रेषा
हस्तलिखित वंशवृक्ष उतरविताना नावांपेक्षा जोडरेषाच अधिक हरवतात. वेरूळच्या भोसले कुळाचे उदाहरण पाहू. शहाजीराजांना (१) जिजाबाईंपासून संभाजीराजे (१.१) व शिवछत्रपती (१.२), तर तुकाबाईंपासून व्यंकोजीराजे (१.३) हे पुत्र झाले. शिवछत्रपतींना सईबाईंपासून संभाजीराजे (१.२.१) व सोयराबाईंपासून राजाराम महाराज (१.२.२) झाले. येथे संभाजीराजे दोन आहेत; एक चुलते, दुसरे पुतणे. नुसती नावे लिहिल्यास दोन्ही पिढ्या एकच भासतील. प्रत्येक क्रमांकात पित्याचा क्रमांक सामावलेला असल्याने चौकटी नसतानाही नाते टिकते, आणि मातेच्या नावामुळे सावत्र बंधू ओळखू येतात. दत्तक पुत्राच्या क्रमांकापुढे ‘दत्तक’ असे लिहावे. शेवटी या प्रतीवरून पुन्हा चौकटी काढून मूळ कागदाशी ताडून पाहाव्यात. एखादी रेषा चुकली असल्यास तेथेच आढळते.