हातचा विसरलेली बेरीज

डोंबिवलीतल्या आमच्या किराणावाल्याच्या वहीत ३८ आणि २९ ची बेरीज ६७च येते. कॉलेजच्या लॅबमध्ये, ८०८५ प्रोसेसरच्या किटवर, माझी मात्र एकदा ६१ आली. चूक माझीच होती.

बीसीडी म्हणजे दशमान संख्येतल्या प्रत्येक अंकाला वेगळे चार बिट देणं. चार बिटांत ० ते १५ अशी सोळा घरं असतात, पण अंक दहाच. शेवटची सहा घरं रिकामी राहतात. प्रोसेसरला हे माहीत नसतं. आपण दहा झाले की हातचा धरतो, तो सोळा झाल्यावर. म्हणून अंकांची बेरीज नऊच्या वर गेली की सहा मिळवून ती रिकामी घरं ओलांडायची.

मी तेच केलं होतं. उजवे चार बिट तपासायचे, नऊपेक्षा जास्त असतील तर सहा मिळवायचे. ३८ + २५ बरोबर आलं: ८ आणि ५ मिळून १३, त्यात ६ मिळवून १९, म्हणजे सोळाचा हातचा एक आणि उरले ३. उत्तर ६३.

३८ + २९ ला गाडी घसरली. ८ आणि ९ मिळून १७. सतरातले सोळा हातचा होऊन आधीच डावीकडे गेले आणि जागेवर उरला १. मी तपासत होतो हा १. तो नऊपेक्षा लहान, म्हणून दुरुस्ती झालीच नाही.

```
  0011 1000    38
+ 0010 1001    29
  0110 0001    61
+ 0000 0110    +6
  0110 0111    67
```

दोन अंकांच्या शंभर जोड्यांपैकी फक्त सहांची बेरीज सोळा किंवा जास्त होते: ७-९, ९-७, ८-८, ८-९, ९-८, ९-९. त्यामुळे दोन-चार उदाहरणं करून पाहिली तर ही चूक सहज निसटते.

याचं उत्तर आमच्या जन्माआधीच सापडलेलं होतं. १९७१ साली इंटेलने ४००४ ही चिप बाजारात आणली. ती मुळात बिझीकॉम या जपानी कंपनीच्या कॅल्क्युलेटरसाठी बनवलेली. कॅल्क्युलेटरला दशमान अंकच दाखवायचे असतात, म्हणून तिच्यात `DAA` नावाची सूचना होती: अंक नऊच्या वर असेल *किंवा* हातचा आला असेल, तर सहा मिळव. मी विसरलो होतो ते हे ‘किंवा’.

८०८५ मध्येही `DAA` आहे. उजव्या अंकाचा हातचा लक्षात ठेवायला तिथे एक वेगळा फ्लॅग असतो, ऑक्झिलरी कॅरी.

```
MVI A,38H
ADI 29H
DAA
HLT
```

`DAA` बेरजेला चिकटूनच लिहावी लागते. मध्ये `XRA` सारखी सूचना आली तर तो फ्लॅग पुसला जातो आणि पुन्हा ६१ सारखी उत्तरं येतात.

इंटेलच्या पुढच्या चिपांमध्येही ही सूचना राहिली, `27` याच कोडखाली. आज आपल्या लॅपटॉपच्या ६४ बिट मोडमध्ये मात्र तो कोड अवैध आहे. तिथे बीसीडीची बेरीज करायची तर तपासणी स्वतः लिहावी लागते, आणि तेव्हा हातचाही स्वतःच विचारावा लागतो.