‘संवाद सुधारेल’ म्हणजे नेमकं किती? मुलाच्या योजनेत मोजता येणारं उद्दिष्ट कसं लिहायचं

भोपाळ : थेरपी सेंटरमधून मिळालेल्या फाईलमध्ये एक वाक्य हमखास सापडतं – ‘मुलाचा सामाजिक संवाद सुधारेल.’ तीन महिन्यांनी आढावा होतो. आई म्हणते थोडा फरक पडलाय, थेरपिस्ट म्हणतात बराच पडलाय आणि शाळेतल्या बाईंना काहीच फरक दिसत नाही. तिघेही खरंच बोलत असतात. वाक्यच असं लिहिलेलं असतं की त्यावरून काही ठरवता येत नाही.

भोपाळमध्ये मराठी कुटुंबांसाठी हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. घरात मराठी, अंगणात आणि थेरपीत हिंदी, शाळेत इंग्रजीची भर. खजुरी कलाँ इथलं केंद्र सरकारचं संयुक्त प्रादेशिक केंद्र म्हणजे सीआरसी असो, की कॉलनीतलं खासगी सेंटर, समोरची व्यक्ती बहुतेक वेळा हिंदीतच काम करते. त्यामुळे मूल बोललं की नाही, हे कोण मोजतंय यावर आकडा बदलतो. बेळगाव, बिदर, बऱ्हाणपूर किंवा आदिलाबादच्या पालकांनाही हे ओळखीचं वाटेल.

वैयक्तिक हस्तक्षेप योजनेतल्या उद्दिष्टाने चार गोष्टी सांगायला हव्यात : कोणत्या प्रसंगी, मूल नेमकं काय करेल, किती मदतीवर, आणि किती वेळा केलं म्हणजे जमलं असं धरायचं. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलासाठी पाचवी गोष्ट म्हणजे कोणत्या भाषेत आणि कोणाबरोबर.

नमुन्यादाखल एक मूल घेऊ. हा खरा मुलगा नव्हे, उदाहरणासाठी रचलेला आहे. वय सव्वापाच, घर कोलार रोडच्या बाजूला. मराठीत तीन-चार शब्दांची वाक्यं बोलतो, गाड्यांचे नंबर पाठ आहेत. पण डबा उघडला नाही तर आईचा हात ओढतो, नाहीतर रडतो. बालवाडीत इतर मुलांशी स्वतःहून जवळजवळ बोलत नाही. आईचं म्हणणं एकच : ‘त्याने मुलांशी बोलावं.’

ही इच्छा योग्यच आहे, पण ती उद्दिष्ट नव्हे. मुलांशी बोलण्याच्या आधीची पायरी घरातच अडलेली आहे : अडचण आली की समोरच्याला शब्दाने सांगणं. तिथून सुरुवात करायची.

आता मोजणी. लिहिण्याआधी मूल आज कुठे आहे हे बघावं लागतं, त्याला थेरपिस्ट ‘बेसलाइन’ म्हणतात. इथे सगळ्यात मोठी चूक होते ती नुसतं ‘किती वेळा मागितलं’ हे मोजण्याची. मागायची वेळच दोनदा आली असेल तर दोन हा आकडा उत्तम, वीसदा आली असेल तर वाईट. म्हणून संधी मोजायच्या. आईने दिवसभरात दहा संधी मुद्दाम ठेवायच्या : झाकण घट्ट लावलेला डबा, चमच्याशिवाय वाटी, दप्तराची अडकलेली चेन, कोड्यातला एक तुकडा आईच्या हातात. सगळ्या जेवणाच्या वेळी नकोत. भुकेल्या मुलाला दहादा अडवलं तर ते चिडणारच, आणि ती चीड मग ‘वर्तन समस्या’ म्हणून फाईलमध्ये जाते.

प्रत्येक संधीला पाच सेकंद थांबायचं आणि एक अक्षर लिहायचं. ‘स्व’ म्हणजे स्वतःहून मागितलं. ‘था’ म्हणजे आईने थांबून अपेक्षेने बघितल्यावर मागितलं. ‘सु’ म्हणजे शब्द सुचवल्यावर. ‘ना’ म्हणजे मागितलंच नाही, हात ओढला किंवा रडला. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर हे सहज होतं.

समजा तीन दिवसांत ३० संधी झाल्या : स्व ३, था ५, सु १२, ना १०. आता चित्र स्पष्ट आहे. मुलाला शब्द येतो, कारण वीस वेळा तो स्वतःहून किंवा कुठल्या ना कुठल्या मदतीने बोललाच. अडतंय ते स्वतःहून सुरू करण्यात. म्हणजे ‘नवीन २० शब्द शिकवणे’ हे उद्दिष्ट या मुलासाठी चुकीचं ठरेल.

या आकड्यांवरून उद्दिष्ट असं लिहिता येईल : ‘उघडत नाही, लागत नाही, पोचत नाही अशा प्रसंगी मुलगा कोणी न सुचवता, पाच सेकंदांत, शब्दाने किंवा चित्रकार्डाने मदत मागेल. दिवसातल्या दहापैकी सात संधींना, सलग तीन दिवस, आईबरोबर आणि थेरपिस्टबरोबरही. मराठी किंवा हिंदी, कोणतीही भाषा धरली जाईल. मुदत बारा आठवडे.’

वाक्य लांबलचक आहे, पण हे वाचून आजी, बाई आणि थेरपिस्ट वेगवेगळ्या खोल्यांत बसून मोजतील तरी आकडा एकच येईल. हीच त्याची परीक्षा.

दहापैकी सातच का? बऱ्याच फाईलींमध्ये ‘८० टक्के’ हा आकडा छापल्यासारखा असतो, तो कुठून आला हे कोणी विचारत नाही. दहापैकी एकावर असलेलं मूल बारा आठवड्यांत सातवर येणं ही मोठी उडी आहे, आणि कोणतंही पाच वर्षांचं मूल दरवेळी मदत मागत नाही. कधी स्वतः झटापट करतं, कधी नाद सोडतं. रस्ता ओलांडण्यासारख्या सुरक्षेच्या गोष्टीला मात्र शंभर टक्केच हवेत.

भाषेचा मुद्दा वरवर किरकोळ वाटतो, पण गोंधळ तिथेच होतो. मुलगा म्हणतो ‘मदत’, हिंदी भाषिक थेरपिस्टला ऐकू येतं ‘मदद’चं चुकलेलं रूप. कोणी ते उच्चारदोष म्हणून लिहितं, कोणी धरतं, कोणी सोडतं. ‘दे’ आणि ‘दो’चंही तसंच. आणखी एक उदाहरण : मराठी घरात आई-आजीला ‘तू’ म्हणतात, त्यात अनादर नाही. तेच मूल बाईंना हिंदीत ‘तू’ म्हणालं की ‘सामाजिक नियमांची जाण नाही’ असा शेरा पडू शकतो. असा शेरा दिसला तर एक साधी चाचणी करावी : त्याचं मोठं भावंड त्या वयात तसंच बोलायचं का? बोलत असेल तर ती घरच्या भाषेची सवय आहे, तिला उद्दिष्टात जागा नको. ‘घरी मराठी बंद करा, मूल गोंधळतं’ हा सल्लाही अजून ऐकू येतो. दोन भाषा कानावर पडल्याने स्वमग्न मुलांचं बोलणं मागे पडतं असं संशोधनात आढळलेलं नाही.

आता मुलांशी बोलण्याचं उद्दिष्ट. इथे संधी मोजता येत नाहीत, कारण मोकळ्या खेळात प्रत्येक क्षण संधीच असतो. म्हणून वेळ मोजायची : मधल्या सुट्टीतली वीस मिनिटं, तीन वेगवेगळे दिवस. बाईंना वही धरणं शक्य नसतं. एका खिशात वीसेक राजमे ठेवावेत, मूल स्वतःहून दुसऱ्या मुलाशी काही बोललं किंवा त्याला काही दाखवलं की एक दाणा दुसऱ्या खिशात टाकावा. आपल्या मुलाचे आले ०, १, ०. याच वेळी वर्गातल्या दोन साध्या मुलांचीही मोजणी करावी, हे फार कमी लोक करतात. समजा त्यांचे आले सहा आणि नऊ. मग ‘प्रत्येक मुलाशी दहा वेळा बोलेल’ असं उद्दिष्ट लिहिणं किती हास्यास्पद आहे ते कळतं. बारा आठवड्यांसाठी वीस मिनिटांत तीन वेळा, हे पुरे. त्यातलं निदान एक वेळा मागणं नसावं. ‘बघ’, ‘गाडी आली’ असं नुसतं दाखवणं किंवा सांगणं असावं. फक्त मागायला शिकलेलं मूल गरज संपली की गप्प होतं.

‘पाच सेकंद डोळ्यात बघेल’ हे उद्दिष्ट अजूनही अनेक योजनांत असतं. मोजायला सोपं, म्हणून लोकप्रिय. पण अनेक स्वमग्न प्रौढांनी सांगितलंय की डोळ्यात बघताना त्यांना त्रास होतो आणि ऐकण्याकडे लक्ष राहत नाही. त्याऐवजी बोलण्याआधी समोरच्याचं लक्ष वेधतो का हे मोजावं : नावाने हाक मारणं, खांद्याला हात लावणं, त्याच्याकडे वळणं. हात हलवणं, गोल फिरणं ‘बंद करणे’ हेही संवादाचं उद्दिष्ट नव्हे.

तसाच दुसरा घोटाळा आयएसएएच्या गुणांचा. स्वमग्नतेच्या या भारतीय मापनश्रेणीत ४० मुद्दे आहेत, प्रत्येकाला एक ते पाच गुण; ७०च्या खाली सामान्य, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि त्यावर तीव्र. प्रमाणपत्रासाठी तिचा उपयोग आहे. पण ‘११२ वरून ९५ वर आणणे’ असं उद्दिष्ट लिहिलं तर उद्या सकाळी घरात काय करायचं हे कोणालाच कळत नाही.

पुन्हा त्या मुलाकडे. आठवड्यातून एक दिवस मोजणी ठेवली. चौथ्या आठवड्यात ‘स्व’ चार, पाचव्यात चार, सहाव्यात पुन्हा चार. सलग तीन मोजण्या जागच्या जागी असल्या तर शिकवण्याची पद्धत बदलायची. उद्दिष्ट सोपं करण्याची घाई करायची नाही. आधी कागद बघायचा. ‘ना’ जवळजवळ संपलेत आणि ‘था’ वाढून पाचवर आलेत. म्हणजे मुलगा आईच्या नजरेची वाट बघतोय. मोबाइलवर दोन मिनिटांचं चित्रण केलं तर दिसतं की डबा दिल्याबरोबर आई डब्याकडे आणि मग त्याच्याकडे बघते. तो इशाराच झाला. उपाय साधा : डबा देऊन आईने ओट्याकडे वळायचं, म्हणजे त्याला हाक मारावीच लागते. डबेही बदलायचे, नाहीतर तो फक्त त्या निळ्या डब्यापुरतंच शिकतो. तापाचे आणि पाहुण्यांचे दिवस मोजणीतून वगळायचे, पण वगळले हे लिहून ठेवायचं.

बाराव्या आठवड्यात समजा आईबरोबर तीन दिवस ७, ८, ७ आले, थेरपिस्टबरोबर ८, ७, ८, आणि आजोबांबरोबर ३. लिहिल्याप्रमाणे उद्दिष्ट पूर्ण झालं. आजोबांचा आकडा हे अपयश नाही, ती पुढच्या उद्दिष्टाची बेसलाइन आहे. (आजोबा बहुधा मागायच्या आधीच डबा उघडून देतात, हेही तपासावं.)

कुटुंब नागपूरला किंवा निपाणीला बदलून गेलं तर यूडीआयडी कार्ड देशभर चालतं, पण योजना आपोआप सोबत जात नाही. नवे थेरपिस्ट सहसा पहिल्यापासून तपासणी करतात आणि त्यात दोन महिने जाऊ शकतात. जाताना तीन कागद न्यावेत : शेवटचं उद्दिष्ट शब्दशः, बेसलाइनपासूनच्या मोजण्यांची पानं, आणि मूल कोणत्या भाषेत काय मागतं याची यादी, घरातल्या खास शब्दांसकट. मूल पाण्याला ‘मम’ म्हणत असेल तर नव्या गावात ते कोणालाच ठाऊक नसतं.