भरतचा ‘मरत’ झाला तेव्हा

नगरपालिकेची निवडणूक होती. मी फ्लेक्सच्या धंद्यात नवा होतो आणि उमेदवाराचं नाव भरत होतं. बॅनर सकाळी लागला. संध्याकाळी रस्त्यापलीकडच्या टपरीवर एकच विनोद चालू होता: ‘मरत’ला मत द्या. भरतभाऊंचा फोन आला, ते हसत नव्हते.

मामा जुना पेंटर. मला घेऊन साठ फूट रुंद रस्ता ओलांडला आणि म्हणाला, “आता इथून वाच.” मला ‘मरत’च दिसलं.

मामाच्या तरुणपणी प्रचार भिंतींवर व्हायचा. चुन्याचे दोन हात, मग नीळ लावलेली दोरी ताणून दोन रेघा मारायच्या: वरची शिरोरेघेची, खालची अक्षराच्या पायाची. उंची मोजायची ती या दोन रेघांमधली. दहा फुटांना एक इंच, म्हणजे या रस्त्याला सहा इंच. वेलांटी आणि उकार त्या हिशोबाबाहेर.

१९९० ते १९९६ टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त होते. त्यांच्या काळात आचारसंहितेचा धाक बसला. १९९५ मध्ये महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्धचा कायदा आला. भिंती आटल्या, पुढे फ्लेक्स आला. फ्लेक्सवर फोटो फुकटात मोठा होतो, त्यामुळे नेत्यांच्या चेहऱ्यांनी जागा खाल्ली आणि नाव खालच्या पट्टीत गेलं.

माझी पट्टी नऊ इंचांची होती. मी नाव पट्टीभर ताणलं आणि खूश झालो. पण आडनावात वर वेलांटी होती, खाली उकार होता. दोघांनी निम्मी उंची घेतली आणि अक्षराच्या अंगाला उरले साडेचार इंच. रोमन अक्षरांचा हिशोब देवनागरीला लावला की असंच होतं.

तरी घात केला तो सजावटीने. ‘भ’ आणि ‘म’ मधला मुख्य फरक म्हणजे डोक्यावर डावीकडे उघडी राहिलेली फट (‘ध’ आणि ‘घ’चंही तेच). माझ्या अक्षरात ती जेमतेम पाऊण इंच होती. मी लाल अक्षराला काळी जाड कड दिली होती, वर सावलीही. दोन्ही बाजूंनी कड आत आली आणि फट काळ्या रंगाने भरली. लांबून लाल आणि काळा एकच दिसतात. मामा भिंतीवर ‘भ’ची फट मुद्दाम पुस्तकातल्यापेक्षा रुंद ठेवायचा. मला ते बेढब वाटायचं.

रात्री बॅनर पुन्हा छापला, पैसे माझ्या खिशातून गेले. कड आणि सावली काढली, पिवळ्यावर सरळ काळं अक्षर घेतलं, दोन चेहरे लहान करून पट्टी चौदा इंच केली. अंगाला सात इंच मिळाले. मुद्रक-प्रकाशकाची बारीक ओळ तेवढी कोपऱ्यात राहिली, ती कायद्याने लागतेच.

आता छापायला देण्याआधी मी फोनवर पाहतो. दहा फुटी बॅनर साठ फुटांवरून जेवढा दिसतो, तेवढाच दोन इंच रुंद चित्र डोळ्यांपासून एक फुटावर धरल्यावर दिसतो. चित्र तेवढं लहान करायचं आणि ज्याला उमेदवार माहीत नाही अशा माणसाला वाचायला द्यायचं. मी स्वतः वाचून उपयोग नसतो. मला नाव आधीच ठाऊक असतं.